नेहमीच्या क्लायंटला दर कामाच्या बिलाऐवजी महिन्याचा रिटेनर कसा सुचवावा?

रेघोटी

नमस्कार मंडळी. नाशिकहून फ्रीलान्स ग्राफिक डिझाइन करते. मसाले, लोणची, पापड असा माल असलेला एक क्लायंट दोन वर्षांपासून टिकून आहे. काम मालक पाठवतात आणि त्यांची सूनही पाठवते. दर कामाला वेगळं कोटेशन, वेगळं बिल. गेल्या आर्थिक वर्षात अशी 31 बिलं झाली. त्यातली निम्मी इतकी बारकी, की काम कमी आणि बिलामागचा पाठपुरावाच जास्त.

एप्रिल ते मार्च महिनावार बिलं (हजारांत): 28, 22, 18, 24, 52, 74, 86, 16, 24, 30, 26, 38. एकूण 4,38,000, म्हणजे महिन्याला सरासरी 36,500. ऑगस्ट ते ऑक्टोबर अर्थातच दिवाळीचा हंगाम.

माझा विचार असा: महिन्याला सरसकट 35,000 घ्यायचे आणि सगळं काम त्यातच. त्यांचे वर्षाला 18,000 वाचतात, मला दरमहा ठरलेली रक्कम मिळते. आकडा बरोबर आहे का? त्यांच्यापुढे ठेवायचा कसा, आणि लिहून काय घ्यायचं?

पगारवाला

35 हजारांत ते पूर्णवेळ डिझायनरच ठेवतील की. नोकरीच करायची असेल तर पीएफ, सुट्ट्या, बोनस, सगळं नीट मागून घ्या. अर्धवट नोकरी कशाला?

रेघोटी

नोकरी नकोय हो. बाकीचे क्लायंट आहेतच. याच क्लायंटचा नेहमीचा भाग तेवढा बांधून घ्यायचा आहे.

जुना कोरलवाला

सरसकट 35 हजार अजिबात नको. तुमच्याच आकड्यांवर बोलतो.

ऑक्टोबरात तुम्ही 86 हजारांचं काम 35 मध्ये कराल आणि रात्री जागाल. नोव्हेंबरात त्यांचं काम 16 हजारांचं आणि चेक 35 चा. तक्रार आधी कोणाची येणार? त्यांची, आणि तीही नोव्हेंबरातच, कारण ऑक्टोबरचं काम तोवर पैसे देऊन संपलेलं असतं. वर्षाची बेरीज जुळते म्हणून दर महिना सरासरीसारखा वाटेल असं नाही. 16 आणि 86 यांची सरासरी कागदावर ठीक दिसते, पण पैसे मोजणाऱ्या माणसासमोर दर वेळी एकच महिना असतो.

दुधाच्या रतिबात रोजचं लिटरभर दूध येतं. लग्नातली बासुंदी त्यात धरत नाहीत, तिची ऑर्डर वेगळी जाते. तुमच्या बिलांतही ही दोन्ही कामं मिसळलेली आहेत. 31 बिलं पुन्हा उघडा आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा. पहिल्या ढिगात दर महिन्याला येणारं बारकं काम: सोशल मीडियाच्या पोस्ट, एमआरपी बदल, रेट कार्ड, दुकानाचा फ्लेक्स. दुसऱ्या ढिगात एकदाच होणारं मोठं काम: नवीन पाउच, गिफ्ट बॉक्स, कॅटलॉग, प्रदर्शनाचा स्टॉल. बिलावरून नाही, बिलातल्या ओळींवरून. एकाच बिलात दोन्ही असतील तर फोडा.

रिटेनर फक्त पहिल्या ढिगाचा. दुसऱ्याचं कोटेशन आजच्यासारखंच चालू राहील.

शिवाय एक महिना घड्याळ लावून मोजलेला असेल तर तोही सांगा. बिल किती तासांचं लावलं आणि प्रत्यक्ष गेले किती.

झटपट_बिल

एवढं कशाला? सरासरी काढा, त्यावर 10 टक्के सूट द्या, क्लायंट खूश. सगळे असंच करतात. आणि बिल दरमहा 30 हजारांच्या आत ठेवा म्हणजे टीडीएसची भानगड नाही.

जुना कोरलवाला

@झटपट_बिल, गठ्ठ्याने माल घेणाऱ्याला सूट देतात, कारण दुकानदाराला तो गठ्ठ्याने स्वस्त पडतो. डिझायनरचा तास गठ्ठ्याने घेतला तरी साठ मिनिटांचाच. रिटेनरमध्ये तिचे वाचतात ते कोटेशन करण्याचे आणि वसुलीचे तास. सूट द्यायचीच तर तेवढीच, आणि तेही ते तास खरंच वाचल्यावर. पहिल्याच पत्रात सूट लिहिली की पुढच्या घासाघिशीत तुमचा मूळ दर तोच धरला जातो.

टीडीएसवर ताळेबंद बोलतीलच.

रेघोटी

खुणा केल्या. दोन तास गेले, पण डोळे उघडले. पहिल्या ढिगाचे महिनावार (हजारांत): 22, 22, 18, 20, 26, 30, 32, 16, 20, 22, 20, 24. एकूण 2,72,000. उरलेले 1,66,000 नवीन पाउच, गिफ्ट बॉक्स आणि कॅटलॉग यांचे, आणि त्यातलं बरंचसं ऑगस्ट ते ऑक्टोबरातलं.

माझा दर तासाला 800 धरून कोटेशन करते. फेब्रुवारीत घड्याळ लावलं होतं. पहिल्या ढिगाचं बिल 20,000 चं, म्हणजे 25 तास. प्रत्यक्ष गेले 33. वरचे आठ तास फोन, व्हॉट्सअ‍ॅप आणि "ताई, एवढं जरा हलवून द्या ना" यात.

जुना कोरलवाला

आता चित्र स्वच्छ झालं. 86 आणि 16 मधली दरी 32 आणि 16 वर आली. हे बांधता येतं.

पहिल्या ढिगाची सरासरी 22,667. मी 24,000 मांडेन: 30 तास, दर तोच 800. मोठ्या कामाला वेगळं कोटेशन. 30 च्या वर गेलेल्या तासाला 1,000, कारण तो ऐन वेळी मागितलेला तास असतो.

फेब्रुवारीतल्या त्या आठ तासांकडे मात्र नीट बघा. 20,000 भागिले 33 म्हणजे तुमचा खरा दर 606 पडला. रिटेनरमध्ये फोन आणि करेक्शन यांचा वेळ मोजायचा की नाही हे आधी ठरलं नाही, तर हा खड्डा तसाच राहतो. वर तो दर महिन्याचा होतो, कारण "आता तर महिन्याचं ठरलंय" म्हणून बारकी कामं वाढतातच. मोजायचाच. 30 तासांत डिझाइन, दोन फेऱ्या करेक्शन आणि त्या कामाचे फोन, सगळं धरून.

खरेदीखातं

मी पलीकडच्या बाजूला बसतो. डिझायनर, प्रिंटर, फोटोग्राफर यांची बिलं माझ्या टेबलावरून जातात. थोडं कडू बोलतो.

पहिलं. वरचा हिशेब मालकाच्या बाजूने वाचा. आज तो फेब्रुवारीत 33 तासांची सेवा 20,000 ला घेतो. उद्या 30 तास 24,000 ला. त्याला तास ठाऊक नाहीत, पण तिसऱ्या महिन्यात "पूर्वी ताई हे असंच करून द्यायच्या" हे त्याच्या लक्षात येणारच. ही सरळ भाववाढ आहे. भाववाढ करण्यात चूक काही नाही, पण रिटेनरच्या कागदाखाली झाकून केली तर विश्वास जातो.

दुसरं. 16 हजारांचं काम असलेल्या महिन्यात त्याने 24 का द्यावेत? "मला ठरलेलं उत्पन्न मिळेल" हा तुमचा फायदा झाला. त्याला त्याचा सांगा. माझ्या अनुभवात मालकाला दोनच गोष्टी पटतात: काम किती वेळात हातात येणार, आणि दिवाळीत रांगेत आपला नंबर कुठे. "सकाळी 11 च्या आत पाठवलेली पोस्ट त्याच दिवशी, लेबलमधला बदल दोन कामाच्या दिवसांत, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर तुमचे 30 तास आधी राखून" असं लिहून दिलं तर मी सही करायला सांगेन. त्याच काळात प्रिंटरही भरलेला असतो. आर्टवर्क चार दिवस उशिरा गेलं की पाउच दहा दिवस उशिरा येतात, कारण सिलिंडरची आणि छपाईची पाळी चुकते. मालक पैसे या भीतीपोटी देतो.

तिसरं. "30 तास" हा आकडा मालकाला आवडत नाही. तो तास विकत घेत नाही, पोस्ट आणि लेबलं घेतो. तासांचा हिशेब पाठवलात की प्रत्येक ओळीवर "याला दोन तास?" असा प्रश्न येईल. नग लिहा.

रेघोटी

नगांत करून पाहिलं. माझे आजचे दर: पोस्ट 900, लेबलमधला बदल 600, रेट कार्ड 1,500, फ्लेक्स किंवा बॅनर 1,800. महिन्याला 12 पोस्ट (10,800), 8 लेबल बदल (4,800), 1 रेट कार्ड (1,500), 3 फ्लेक्स (5,400). झाले 22,500. उरलेल्या 1,500 मध्ये किरकोळ. बरोबर 24,000 होतात. पण हे तासांपेक्षा बरं की वाईट?

जुना कोरलवाला

मालकाला वाचायला बरं. तुम्हाला धोक्याचं, आणि धोका नेमका त्या "8 लेबल बदल" या ओळीत आहे.

समजा हळदीच्या 200 ग्रॅम पाउचची एमआरपी 90 आहे. ती 95 केली तर आकडा बदलायचा आणि त्याखालची प्रति ग्रॅम किंमत बदलायची. वीस मिनिटं. आता एमआरपी 90 च ठेवून वजन 180 ग्रॅम केलं असं धरा. निव्वळ वजन बदललं. प्रति ग्रॅम किंमत 45 पैशांवरून 50 पैसे झाली. पाउच लहान केला असेल तर डाय बदलला, म्हणजे पुढचा भाग, मागचा मजकूर, बारकोडची जागा, सील सोडायची पट्टी, सगळं नव्याने बसवायचं. चार-पाच तास. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही निरोप सारखेच येतात: "हळदीचं लेबल बदलायचंय."

म्हणून नग लिहायचे तर व्याख्या लिहा. "लेबल बदल म्हणजे आहे त्याच मापाच्या पाउचवर मजकूर किंवा आकडा बदलणे. पाउचचं माप बदललं की ते नवीन काम." फ्लेक्सचंही तसंच. एक डिझाइन तीन मापांत बसवणं म्हणजे तीन फ्लेक्स की एक? आधी ठरवा. मी एक डिझाइन आणि दोन मापं म्हणजे एक नग धरतो, तिसऱ्या मापापासून अर्धा नग.

तरीही मी तासांच्याच बाजूचा. नग मोजले की महिन्याच्या 28 तारखेला "चार पोस्ट उरल्यात, काहीतरी करून टाका" असा फोन येतो, आणि तुम्ही कोणाच्याच कामाच्या नसलेल्या चार पोस्ट करत बसता.

खरेदीखातं

आणि तास मोजले की डिझायनर हळू काम करतो असा संशय राहतो. हे भांडण मिटणारं नाही. पत्रात नग लिहा, आपल्या वहीत तास ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी दोन्ही ताडून पाहा, एवढंच सुचवेन.

जुना कोरलवाला

ताडून पाहायचं मान्य. बाकी तुम्ही तुमच्या जागी, मी माझ्या.

भाषांतरवाली

माझाही असाच प्रश्न, म्हणून इथेच विचारते. एका प्रकाशन संस्थेला महिन्याला 20,000 शब्दांचा रिटेनर दिला आहे. उरलेले शब्द पुढच्या महिन्यात ढकलायची मुभा पत्रात आहे, मर्यादा लिहिलेली नाही. आता तीन महिन्यांचे मिळून 31,000 शब्द साठलेत आणि ते सगळे एकदम मागतायत. नाही म्हणता येईल का?

जुना कोरलवाला

पत्रात मर्यादा नसेल तर नाही म्हणणं अवघड. ते शब्द द्याच, पण दोन-तीन महिन्यांत विभागून मागा आणि पुढचं पत्र बदलून घ्या.

रेघोटी, याच कलमावर तुमचाही रिटेनर बुडू शकतो, म्हणून आकडे मांडतो. पहिल्या ढिगाचे बिलातले तास धरू. एप्रिल 27.5, मे 27.5, जून 22.5, जुलै 25. तीसमधून उरतात 2.5, 2.5, 7.5 आणि 5. सगळे साठवू दिले तर जुलैअखेर साडेसतरा तास शिल्लक. मग ऑगस्टला अडीच, सप्टेंबरला साडेसात आणि ऑक्टोबरला दहा तास जास्त लागतात, मिळून वीस. म्हणजे हंगामातल्या वीसपैकी साडेसतरा जादा तास तुम्ही एप्रिल-जुलैमध्येच विकून बसलात. जून मोकळा होता म्हणून ऑक्टोबरात दिवस 30 तासांचा होत नाही.

मर्यादा घाला: जास्तीत जास्त पाच तास, फक्त पुढच्याच महिन्यात, तिथे वापरले नाहीत तर संपले. मग जुलैचे पाच ऑगस्टला जातात, त्यातले अडीच लागतात, बाकी जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरचे साडेसतरा तास हजारच्या दराने 17,500 होतात. नगांत लिहिणार असाल तर "चार पोस्टपर्यंत पुढच्या महिन्यात, लेबल बदल नाही" असं काहीतरी.

भाषांतरवाली

धन्यवाद. पत्र बदलायला घेते. पण "वापरले नाहीत तर संपले" हे त्यांना पटेल असं वाटत नाही.

खरेदीखातं

पटत नाही. मोबाइलच्या डेटाचं उदाहरण देऊन काही डिझायनर समजावतात, त्यावर मालक "मोबाइल कंपनी लुटतेच" म्हणतो. त्यापेक्षा पाच तासांची मर्यादा आधी सांगून टाकावी आणि कारण हंगामाचं द्यावं. कारण खरं असलं की वाद कमी होतो.

ताळेबंद

टीडीएसबद्दल. @झटपट_बिल यांचं अर्धं बरोबर, अर्धं घातक.

कंत्राटी कामाच्या टीडीएसमध्ये एका बिलाची 30,000 ची मर्यादा आहे, हे खरं. पण सोबत वर्षाच्या एकूण रकमेची 1,00,000 ची मर्यादाही आहे. 24,000 दरमहा म्हणजे वर्षाला 2,88,000. बिलं कितीही बारीक केली तरी बेरीज चुकत नाही. व्यावसायिक फीच्या टीडीएसमध्ये तर मर्यादा वर्षाच्या बेरजेवरच आहे, एप्रिल 2025 पासून 50,000.

खरा प्रश्न कुठल्या सदराखाली कापणार हा आहे. वैयक्तिक कंत्राटदाराला 1 टक्का, व्यावसायिक फीला 10 टक्के. आज तुमचं कसं कापतात?

रेघोटी

1 टक्का. 26एएस मध्ये तसंच दिसतं.

ताळेबंद

मग हे आधीच बोलून ठेवा. बिलावर "मासिक रिटेनरशिप फी" असं दिसलं की बरेच अकाउंटंट ते थेट व्यावसायिक फीमध्ये टाकतात. 24,000 वर 240 ऐवजी 2,400 कापले जातात आणि हातात येतात 21,600. वर्षाला 28,800 सरकारकडे अडकतात. विवरणपत्र भरल्यावर कर वजा जाऊन उरलेले परत मिळतात, पण तोवर महिन्याचं गणित बिघडतं.

बिलावर नुसता शब्द बदलून काम भागत नाही, टीडीएस कामाच्या स्वरूपावर ठरतो. सांगितलेल्या मजकुराचं लेबल जुळवून देणं कंत्राटाकडे झुकतं, ब्रँडबद्दल सल्ला देणं व्यावसायिक सेवेकडे. ग्राफिक डिझाइन नेमकं कुठे बसतं यावर सीएंमध्ये दोन मतं आहेत आणि जोखीम कापणाऱ्याची असल्यामुळे तो वरचा दर कापायला जातो. त्यांच्या सीएशी एकदा बोलून ठरवा. बिलात काय केलं ते स्पष्ट लिहा: "जुलै महिना, 12 पोस्ट, 8 लेबल बदल…". नुसतं "रिटेनर" लिहू नका. (1 एप्रिल 2026 पासून नवीन आयकर कायदा आहे, त्यामुळे कलमांचे जुने आकडे पत्रात घालू नका.)

जीएसटी: सगळ्या क्लायंटची मिळून वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी असेल तर 24,000 अधिक 18 टक्के, असं पत्रातच लिहा. नाहीतर मालक 24,000 मध्ये कर धरलेला आहे असंच समजतो.

झटपट_बिल

बेरजेची मर्यादा लक्षात नव्हती, मान्य. पण एमएसएमई असलो की 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात ना? मग आगाऊ बिलाचा हट्ट कशाला?

ताळेबंद

45 दिवस लेखी करार असेल तर, आणि करारात त्याहून जास्त लिहिलं तरी 45 च. लेखी काहीच नसेल तर 15. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती फुकट होते, क्रमांक बिलावर छापा. मुदत उलटल्यावर पैसे दिले तर क्लायंटला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच धरता येतो, म्हणून मार्चमध्ये त्यांचा सीएच त्यांच्या मागे लागतो.

पण आगाऊ बिलाचा संबंध वसुलीशी कमी आणि राखून ठेवण्याशी जास्त. तास आधी राखायचे तर पैसे आधी. 1 तारखेला बिल, 7 पर्यंत पैसे. महिन्याच्या शेवटी बिल केलं तर कमी कामाच्या महिन्यात "या वेळी काम कमी होतं, 16 च घ्या" हे वाक्य ठरलेलं. आगाऊ बिलात ते वाक्य येत नाही, कारण काम किती होणार हे 1 तारखेला कोणालाच माहीत नसतं.

रेघोटी

खूप मदत झाली. मग एप्रिलपासून तीन महिने चाचणी म्हणून सुचवू का? आर्थिक वर्षाची सुरुवात, हिशेबालाही सोपं.

खरेदीखातं

चाचणी चांगली, महिने चुकीचे. तुमचेच आकडे पाहा: एप्रिल, मे, जून मिळून काम 62,000 चं आणि मालक देणार 72,000. जूनअखेर तो हिशेब करेल, दहा हजार पाण्यात गेले म्हणेल आणि बंद करेल. नेमका हंगामाच्या तोंडावर.

एकतर जुलै ते सप्टेंबर करा. काम 76,000 चं, रक्कम 72,000. नाहीतर एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने, 1,38,000 विरुद्ध 1,44,000. हा फरक रांगेतल्या नंबरासाठी मोजायला मालक तयार होतो.

जुना कोरलवाला

हे मला सुचलं नव्हतं. जुलैच बरा. प्रस्ताव मात्र मे-अखेरीस ठेवा. ऑगस्टमध्ये ठेवलात तर अडवणूक वाटेल.

रेघोटी

पत्राचा मसुदा असा केला आहे. एका पानात बसतो.

"गेल्या वर्षी आपली 31 बिलं झाली, एकूण 4,38,000. त्यात दर महिन्याला येणारं काम 2,72,000 चं होतं आणि नवीन पाउच, बॉक्स, कॅटलॉग 1,66,000 चं. यादी सोबत जोडली आहे.

दर महिन्याच्या कामासाठी 1 जुलैपासून तीन महिने 24,000 मासिक असं सुचवते. त्यात 12 पोस्ट, 8 लेबल बदल (त्याच मापाच्या पाउचवर), 1 रेट कार्ड, 3 फ्लेक्स. प्रत्येकाला दोन फेऱ्या करेक्शन. सकाळी 11 पर्यंत आलेली पोस्ट त्याच दिवशी, लेबल बदल दोन कामाच्या दिवसांत. ऑगस्ट ते ऑक्टोबर आपलं काम रांगेत पहिलं.

काम एकाच व्यक्तीकडून आणि करेक्शन एकत्र यावीत. नवीन पाउच, बॉक्स, कॅटलॉगचं कोटेशन आजच्यासारखंच वेगळं. न वापरलेल्या चार पोस्ट पुढच्या महिन्यात चालतील, बाकी नाही. ठरलेल्या नगांपेक्षा जास्त कामाला तासाला 1,000, आधी विचारून.

बिल 1 तारखेला, पैसे 7 पर्यंत. कोणालाही थांबवायचं असेल तर 30 दिवस आधी लेखी कळवावं."

जुना कोरलवाला

बरंच चांगलं. दोन गोष्टी घाला. पैसे 7 पर्यंत आले नाहीत तर काय, ते लिहा: "पैसे आल्यावर त्या महिन्याचं काम सुरू होईल." नाहीतर 7 ही नुसती तारीख राहते.

दुसरं, कोरल फाइली. रिटेनर बंद होताना "सगळ्या ओपन फाइल द्या" हा निरोप येतोच. 24,000 मध्ये छपाईची पीडीएफ देता की सीडीआर, हे आत्ताच ठरवा. मी पीडीएफ रिटेनरमध्ये धरतो, सीडीआर मागितली तर वेगळा आकार. तुमचा क्लायंट आजवर सीडीआर घेत आला असेल तर मात्र आता अडवू नका, ते वाईट दिसतं.

खरेदीखातं

सीडीआर वेगळी विकणं मला पटत नाही. लेबल आमचं, फाइल आमची. यावरून मी डिझायनर बदललेला आहे.

जुना कोरलवाला

आणि यावरून मी क्लायंट सोडलेला आहे. असो.

खरेदीखातं

मसुद्यात भाववाढीचं कुठेच लिहिलं नाही, हे माझं जुनं म्हणणं. पूर्वी करेक्शनच्या फेऱ्या मोजल्या जात नव्हत्या, आता दोनच. हे समोर बसून तोंडी सांगा, पत्रातल्या एका ओळीतून त्यांना शोधायला लावू नका. आणि "एकाच व्यक्तीकडून" म्हणजे मालक की सून?

रेघोटी

हो, तोंडी सांगते. आजवर पीडीएफ आणि सीडीआर दोन्ही देत आले आहे, त्यामुळे तसंच ठेवते. व्यक्तीचं मात्र अवघड आहे. फेब्रुवारीतले ते आठ तास बहुतेक दोघांनी वेगवेगळं सांगितल्यामुळेच गेले. रंग सूनबाई ठरवतात, आकडे मालक.

ताळेबंद

मग आकड्यांची मंजुरी मालकांकडून आणि बाकी सगळं सूनबाईंकडून असं लिहा. एमआरपी चुकीची छापली गेली तर जबाबदारी कोणाची, याचंही उत्तर त्यातच येतं: छपाईआधीच्या प्रूफवर ज्याची मंजुरी, त्याची.

पगारवाला

एवढं लिहून घ्यायचं म्हणजे नोकरीच की हो.